दार बंद झाल्यावर कादंबरी कशी चालवायची

साथीच्या काळावरची माझी पहिली कादंबरी एकशे चाळिसाव्या पानावर थांबली ती थांबलीच. एका घरात अडकलेली माणसं, अठरा दिवस, अठरा प्रकरणं. प्रत्येक प्रकरण सकाळी कुणीतरी उठण्यापासून सुरू व्हायचं आणि रात्री दिवा मालवला की संपायचं. एका मित्राला वाचायला दिलं. हस्तलिखित परत देताना तो म्हणाला, "मी सातवं आणि बारावं प्रकरण चुकून उलटसुलट वाचलं. पूर्ण वाचून झाल्यावर पृष्ठक्रमांक पाहिले तेव्हा कळलं."

त्यापेक्षा कडक अभिप्राय मला आजवर मिळालेला नाही. वाक्यं बरी होती, माणसं खरी वाटत होती, पण सातव्या दिवशी आणि बाराव्या दिवशी त्यांच्यात काहीच वेगळं नव्हतं. कोंडलेले दिवस एकसारखे असतात म्हणून मी प्रकरणंही एकसारखी लिहिली होती.

एरवी कादंबरीचा वेग जाण्यायेण्यावर चालतो. कुणी गाव सोडतं, कुणी अचानक दारात उभं राहतं, कुणाची गाडी चुकते. नातीही तशीच पुढे सरकतात. दोन माणसं भेटतात, दुरावतात, मधल्या काळात बदलतात आणि पुन्हा भेटतात तेव्हा तो बदल वाचकाला दिसतो. टाळेबंदीत कुणी जात नाही, म्हणून कुणी येतही नाही. लेखकाच्या हातातली निम्मी क्रियापदं काढून घेतल्यासारखं होतं. त्यांच्या जागी काय ठेवायचं, एवढाच या लेखाचा विषय आहे. मी फक्त एका घरात घडणाऱ्या कादंबरीबद्दल बोलणार आहे. शहरभर फिरणारा डॉक्टर किंवा पत्रकार नायक असेल, तर हालचाल आपोआप मिळते आणि अडचणी निराळ्या असतात.

उदाहरण म्हणून एकच घर घेऊ. तीन खोल्या, एक न्हाणीघर, एक गॅलरी. ऐंशी वर्षांचे अण्णा अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांना सांभाळणारी मुलगी शुभा. तिचा मोठा भाऊ दिलीप, जो घर विकायच्या कागदांवर अण्णांची सही घ्यायला दोन दिवसांसाठी आला आहे. आणि रेखाताई, अण्णांच्या देखभालीसाठी दिवसपाळीला येणाऱ्या बाई. संध्याकाळी त्या निघायला चप्पल घालत असतानाच कळतं, की वरच्या मजल्यावर रुग्ण सापडलाय आणि इमारत बंद केली आहे. आत आहे तो आत. मुदत चौदा दिवस.

कुलूप आधी ठरवा

पहिलं पान लिहिण्याआधी बंदीचे नियम एका कागदावर लिहून काढा. बंद कुणी केलं, कधी केलं, कधीपर्यंत, कुणाला सूट आहे, नियम मोडला तर काय होतं आणि मुदत वाढते ती कशामुळे. ही उत्तरं कादंबरीत सगळी यायची गरज नाही, पण ती तुमच्याकडे नसतील तर पन्नासाव्या पानावर एखादं पात्र सोयीसाठी बाहेर जाऊन येईल आणि वाचकाचा त्या कुलपावरचा विश्वास उडेल. एकदा तो उडाला की पुढचं सगळं ताणतणावाचं नाटक वाटतं.

दाराला एक माणूस द्या, ही माझी सगळ्यांत ठाम सूचना. १६६५च्या लंडनच्या प्लेगमध्ये आजारी माणूस सापडलेल्या घराचं दार सगळ्या कुटुंबासकट बाहेरून बंद करत. दारावर लाल फुली काढत आणि दिवसा एक, रात्री एक असे पहारेकरी बसवत. घरातल्यांना काही हवं असेल तर ते आणायला पहारेकऱ्यालाच जावं लागे. तेव्हा तो दार लावून किल्ली स्वतःबरोबर घेऊन जाई. या एका व्यवस्थेत किती गोष्टी दडल्या आहेत पाहा. आतल्यांना जगवणारा आणि कोंडणारा माणूस एकच आहे. त्याला कामाला पाठवलं की दार थोडा वेळ बिनपहाऱ्याचं होतं. डॅनियल डिफोने १७२२ साली या प्लेगवर लिहिलेल्या पुस्तकात पहारेकऱ्याला असं दूर पाठवून निसटलेल्या लोकांचे किस्से आहेत. नुसतं 'सरकारने बंद केलं' म्हटलं की समोर भिंत येते. तिथे माणूस उभा केला की बोलणं, मिन्नतवारी, लाच, ओळख काढणं, दया असं सगळं शक्य होतं.

आपल्या उदाहरणात खालच्या फाटकावर एक तरुण स्वयंसेवक बसतो असं धरू. तो रेखाताईंना लांबून ओळखतो. हे ओळखणं पहिल्या प्रकरणात एका ओळीत सांगून ठेवायचं. त्याचा उपयोग कधी करायचा ते पुढे पाहू.

मुदतीचं काय करायचं? ठरलेली तारीख लेखकाला फार आवडते, कारण उलटी मोजणी करता येते. पण सरळ उलटी मोजणी वाचकाला सुस्त करते. चौदाव्या दिवशी दार उघडणार हे माहीत असेल तर मधले दिवस नुसते ढकलायचे उरतात. म्हणून मुदत एकदा मोडा. अकराव्या दिवशी इमारतीत दुसरा रुग्ण सापडतो आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते. पहिले अकरा आणि नंतरचे चौदा, म्हणजे एकूण पंचवीस दिवस. एकदाच मोडा मात्र. दुसऱ्यांदा मोडली की वाचक लेखकावर चिडतो, आणि ते रास्तही आहे.

घराचा नकाशा आणि तासांचा तक्ता

घराचा नकाशा कागदावर काढा. चित्रकला नको, चौकोन पुरेत. मग चार प्रश्न विचारा. आतून कडी लागते अशा खोल्या किती? कुठल्या खोलीतलं बोलणं कुठे ऐकू येतं? रात्री कोण कुठे झोपतं? आणि एकट्याने रडायचं झालं तर कुठे जायचं?

आपल्या घरात आतून कडी फक्त न्हाणीघराला आहे. अण्णांच्या खोलीचं दार त्यांच्या आजारपणामुळे कधीच लावत नाहीत. मधल्या खोलीत दिलीप झोपतो, स्वयंपाकघरात शुभा, आणि रेखाताई अण्णांच्या खोलीत जमिनीवर. गॅलरीत उभं राहून बोललं की मधल्या खोलीत ऐकू येतं, पण अण्णांच्या खोलीत येत नाही. एवढं ठरलं की कथानकाचा बराच भाग आपोआप ठरतो. घराच्या विक्रीबद्दल भावाबहिणीला अण्णांच्या नकळत भांडायचं असेल तर गॅलरीच हवी, आणि तिथे दबक्या आवाजात. रेखाताई त्या वेळी मधल्या खोलीत काहीतरी आवरत असतील तर त्या ऐकणारच. मोठ्याने भांडण्याची जागाच घरात नाही, हे नकाशाने सांगितलं. मी ते बसून कल्पनेने काढलं असतं तर बहुधा तिसऱ्या दिवशी आरडाओरडा लिहून मोकळा झालो असतो.

नकाशाबरोबर एका दिवसाचा तासांचा तक्ता करा, प्रत्येक माणसाचा वेगळा. यात शोधायचं ते एवढंच, की कोण कुणाला टाळू शकतं आणि कधी. दिलीप पहाटे उठतो, शुभा उशिरा. म्हणजे पहाटेचे दोन तास दिलीप आणि रेखाताई एवढेच जागे असतात. या दोघांचं एरवीच्या आयुष्यात कधी चार वाक्यं बोलणं झालं नसतं. टाळेबंदीने या दोघांना रोज दोन तास दिले आहेत. कादंबरीचं सगळ्यांत अनपेक्षित नातं बहुतेक वेळा तक्त्यात अशा ठिकाणी सापडतं.

पानांचा हिशेब

आता वेगाकडे येऊ. बंदीतला काळ हळू जातो असं आपण म्हणतो, पण ते अर्धंच खरं आहे. पहिले दोन-तीन दिवस प्रचंड लांब वाटतात, कारण सगळं नवं असतं. मधले दिवस जगताना संपत नाहीत, पण मागे वळून पाहिलं तर त्यांतला एकही वेगळा आठवत नाही. पानं वाटताना या आठवणीच्या मापाने वाटा, कॅलेंडरच्या नव्हे.

दोनशे चाळीस पानांची कादंबरी धरली तर मी पंचवीस दिवस असे वाटीन. पहिल्या दिवसाला पस्तीस पानं. दुसऱ्या-तिसऱ्याला मिळून तीस. चौथ्यापासून दहाव्यापर्यंतच्या पूर्ण आठवड्याला फक्त पंचवीस. मुदत मोडते त्या अकराव्या दिवसाला एकट्याला तीस. मग बारा ते वीस या नऊ दिवसांना अवघी बारा पानं. एकवीस ते चोवीस या चार दिवसांना साठ, शेवटच्या दिवसाला वीस आणि उरलेली अठ्ठावीस दार उघडल्यानंतरच्या काळाला. आकडे तुमचे निराळे येतील. महत्त्वाचं आहे ते एका दिवसाला तीस पानं आणि नऊ दिवसांना बारा, हे अंतर.

नऊ दिवस बारा पानांत गुंडाळायचे म्हणजे सर्वांत वाईट काळ उरकून टाकल्यासारखा वाटेल, अशी भीती वाटते. अल्बेर कामूच्या १९४७च्या 'द प्लेग'ची रचना या बाबतीत पाहण्यासारखी आहे. पाच भागांची कादंबरी. साथ शिगेला पोचते तो तिसरा भाग, आणि तोच सगळ्यांत छोटा. त्यात एकेका माणसाची गोष्ट मागे पडते आणि सगळ्या शहराबद्दल मिळून सांगितलं जातं. माणसांचं वेगळेपण पुसलं जाणं हाच त्या काळाचा अनुभव, त्यामुळे प्रसंग कमी होणं तिथे बरोबरच बसतं.

हे आवळणं करण्यासाठी मराठीत एक सुरेख हत्यार आहे आणि आपण ते विसरत चाललो आहोत. रीतिभूतकाळ. 'तो उठे, गॅलरीत जाई, खालच्या फाटकाकडे पाही.' एका वाक्यात नऊ सकाळी मावल्या. ही रूपं कानाला जुनी वाटत असतील तर 'उठायचा, जायचा, पाहायचा' वापरा, काम तेच होतं. खरी गंमत त्यातून बाहेर पडण्यात आहे. अशी चार वाक्यं झाली की साधा भूतकाळ आणा:

*दिलीप पहाटे उठायचा. गॅलरीत जाऊन फाटकाकडे पाहायचा. रेखाताई अण्णांची कूस बदलायच्या, तो आवाज ऐकू आला की आत येऊन दुसऱ्या बाजूने हात लावायचा. दोघंही काही बोलायचे नाहीत. विसाव्या दिवशी तो गॅलरीत गेला नाही. सरळ अण्णांच्या खोलीत गेला.*

'गेला नाही' या दोन शब्दांवर वाचक थबकतो, कारण आधीच्या ओळींनी त्याला सवय लावली होती. बंदीतली घटना अशीच असते, सवयीतून एक गोष्ट गळते. भूकंप आणायची गरज नाही. मात्र हा काळ सलग पान-दीड पानाच्या वर ताणू नका, नाहीतर वाचकाला घटना कधी येणार याची वाट पाहण्याचा कंटाळा येतो.

हिशेब बिघडलाय की नाही हे ओळखायला माझ्या मित्राची चूक वापरा. मधली कुठलीही दोन प्रकरणं अदलाबदल करून एखाद्याला वाचायला द्या. त्याला खटकलं नाही तर त्यातलं एक काढून टाका. मी माझ्या खर्ड्याला ही कसोटी लावली तेव्हा अठरापैकी सात प्रकरणं गेली. एक सांगायला हरकत नाही, त्यातली दोन माझी फार लाडकी होती.

नाती: दुरावा कुठून आणायचा

इथे सर्वांत जास्त गफलत होते, म्हणून जरा थांबून पाहू. नवशिका लेखक समजतो, की माणसं एकत्र कोंडली की एकतर ती भांडतील किंवा जवळ येतील. मग पहिल्या निम्म्यात भांडणं आणि दुसऱ्या निम्म्यात समजूत असा आलेख काढला जातो. प्रत्यक्षात कोंडलेली माणसं आधी दुसरंच काहीतरी करतात. ती अतिशय सभ्य होतात. भांडून उठून जायला जागा नसते, त्यामुळे भांडण परवडत नाही. जे बोलायचं ते पुढे ढकललं जातं आणि त्याच्या अवतीभोवती फिरणं सुरू होतं. दिलीपच्या बॅगेत कागद आहेत. शुभाला माहीत आहे. तिला माहीत आहे हे दिलीपला माहीत आहे. तरी दहा दिवस दोघंही कागदांचं नाव काढत नाहीत, बॅग मात्र तीन वेळा जागा बदलते. त्या न बोललेल्या वाक्यावर पहिली शंभर पानं चालतात.

म्हणून प्रत्येक जोडीसाठी एक न बोललेलं वाक्य वहीत लिहून ठेवा. चार माणसांच्या सहा जोड्या होतात. सहाही वाक्यं कादंबरीत उच्चारली जायला हवीत असं नाही. दोन-तीन कधीच उच्चारली जाऊ नयेत. शुभाचं दिलीपला सांगायचं वाक्य आहे, 'मला हे घर नको आहे, मला फक्त तू विचारायला हवं होतंस.' रेखाताईंचं शुभाला, 'माझ्या घरी काय चाललंय ते एकदाही विचारलं नाहीत.' हे दुसरं वाक्य मला जास्त मोलाचं वाटतं. या कादंबरीत घरापासून तोडलेली खरी एकच व्यक्ती आहे आणि ती रेखाताई. बाकीचे तिघं आपल्याच माणसांत अडकले आहेत.

दुसरं, कोंडीत प्रत्येक संवादाला तिसरा कान असतो. दोन माणसांचा प्रसंग लिहिताना तिसरं माणूस कुठे आहे आणि त्याला किती ऐकू येतंय, हे आधी लिहा. मग संवाद लिहा. त्याने संवादाची भाषा बदलते. शुभा आणि दिलीप रेखाताईंसमोर बोलतात तेव्हा 'विक्री' हा शब्द येत नाही, 'ते काम' येतं. अण्णांसमोर तर 'ते काम'ही नाही, नुसतं 'ते'. एकाच गोष्टीची तीन नावं, ऐकणाऱ्यानुसार. काही दिवसांनी अण्णा एकदम विचारतात, "ते म्हणजे काय रे?" प्रसंग तयार.

तिसरं, संबोधन. मराठीत लिहिणाऱ्याला ही मोठी देणगी आहे. कोण कुणाला तू म्हणतं आणि कुणाला तुम्ही, हे आपल्याला प्रत्येक वाक्यात ठरवावंच लागतं. क्रियापदच सांगून टाकतं. मग नातं बदललं हे सांगायला वेगळं वाक्य कशाला खर्च करायचं? पहिल्या दिवसाचा संबोधनांचा तक्ता करा आणि शेवटच्या दिवसाचा करा. मधे कुठली घरं बदलतात आणि कुठल्या दिवशी, ते ठरवा.

आपल्या घरात सुरुवातीला शुभा 'रेखाताई, तुम्ही' म्हणते आणि रेखाताई 'शुभाताई, तुम्ही'. दोघीही एकमेकींना ताई म्हणतात, म्हणजे दोघींनीही अंतर राखलं आहे. दिलीप रेखाताईंना काहीच म्हणत नाही. तो 'जरा पाणी देता का?' असं हवेत बोलतो, नाव न घेता. हे नाव न घेणं पहिल्या शंभर पानांत वाचकाच्या लक्षात येईल न येईल असं ठेवायचं. मग हा प्रसंग, सोळावा दिवस, नऊ दिवसांच्या त्या बारा पानांतला एकमेव सविस्तर:

*अण्णांचा ताप मोजून रेखाताईंनी थर्मामीटर शुभाकडे दिला. शुभाने पाहिला, पुन्हा पाहिला, खिडकीजवळ नेऊन पाहिला.*

*"अगं, किती वेळा बघशील? नाहीये ताप," रेखाताई म्हणाल्या. मग त्यांचा हात थांबला. "म्हणजे... नाहीये ताप, ताई."*

*शुभा काही बोलली नाही. थर्मामीटर डबीत ठेवला. डबी बंद व्हायला जरा वेळ लागला.*

एक 'अगं' आणि लगेच मागे घेतलेलं 'ताई'. सोळा दिवसांची जवळीक त्यात आली, आणि ती परवडणारी नाही हे रेखाताईंना कळतं, हेही आलं. पगार घेणारी व्यक्ती आणि सहकैदी, ही दोन नाती एकाच वेळी निभावणं शक्य नसतं. टाळेबंदीने त्यांच्यावर ते लादलं आहे. पुढच्या प्रकरणात शुभा 'रेखाताई, तुम्ही' म्हणतच राहील की एकदा 'तू' म्हणेल? मी तिला म्हणू देणार नाही. मालकिणीने 'तू' म्हटलं तर ते जवळीक म्हणून वाचायचं की हुकूम म्हणून, याची वाचकाला खात्री राहणार नाही. त्याऐवजी चोविसाव्या दिवशी दिलीप पहिल्यांदा 'रेखाताई' असं नाव घेतो. का, तर सहीला साक्षीदार हवा आहे. नाव घेतलं तेही कामापुरतं. असे उलटे वळसे दोन-तीन मिळाले तरी पुरे.

दुरावा कृत्रिमरीत्या तयार करायची आणखी एक सोय साथ स्वतःच देते. घरातल्या एकाला ताप आला की तो वेगळ्या खोलीत जातो. बंदीच्या आत दुसरी बंदी. त्याच्याशी दाराआडून बोलायचं, ताट उंबऱ्यावर ठेवून मागे सरकायचं. एका छपराखाली असूनही एक माणूस 'गेला', आणि परत येईल तेव्हा खरीखुरी भेट होईल. आपण शुभाला एकविसाव्या दिवशी ताप आणू. न्हाणीघराशिवाय कडी कुठेच नाही, म्हणून ती गॅलरीत अंथरूण टाकते. घर तीन दिवस दिलीप आणि रेखाताईंच्या हाती येतं. त्या चार दिवसांना साठ पानं दिली होती ती याचसाठी. ताप साधा निघतो की साथीचा, हे ठरवणं नाजूक आहे. साधा निघाला तर आतापर्यंतच्या भीतीचं हसं होतं. साथीचा निघाला तर कादंबरी रुग्णालयाकडे पळते. मी चोविसाव्या दिवशी ताप उतरवीन आणि नक्की काय होतं ते कुणालाच कळू देणार नाही. कादंबरीच्या काळात तशी सोय असेल, तर तपासणी का झाली नाही याचं कारण मात्र कुलपाच्या कागदात लिहिलेलं असायला हवं.

बाहेरचं जग किती आत येऊ द्यायचं

फोन हा या प्रकारच्या कादंबरीचा शत्रू आहे. फोन उचलला की पात्र घराबाहेर पडलंच. पूर्ण काढून टाकता येत नाही, कारण आजच्या काळात ते खोटं वाटेल. म्हणून रेशन करा. प्रत्येक पात्राला बाहेरचा एकच नंबर द्या, जो पुस्तकात महत्त्वाचा ठरेल. रेखाताई रोज रात्री घरी फोन करतात, पण आपल्याला फक्त त्यांची बाजू ऐकू येते, तीही मधल्या खोलीत जागा असलेल्या दिलीपच्या कानांनी. 'हो', 'झोपला का', 'ठेवते'. पंधरा रात्री हेच तीन शब्द. एका रात्री 'झोपला का' येत नाही. इथेच तो फाटकावरचा ओळखीचा स्वयंसेवक कामाला येतो. दुसऱ्या दिवशी पहाटे दिलीप कुणाला न सांगता गॅलरीतून त्याला हाक मारतो आणि रेखाताईंच्या घरी जाऊन बघून यायला सांगतो. न बोललेलं वाक्य शुभाला ऐकू आलं नाही, दिलीपला आलं.

आकड्यांचंही तसंच. १६६५च्या लंडनमध्ये मृतांची छापील यादी दर गुरुवारी निघत असे, आणि सप्टेंबरमधल्या एका आठवड्यात तिच्यात प्लेगने मेलेल्यांचा आकडा ७,१६५ होता. असा आकडा आठवड्यातून एकदाच येतो तेव्हा त्याभोवती वाट पाहणं तयार होतं, गुरुवारला वजन येतं. आजच्या पात्रांना आकडा तासातासाला मिळतो आणि तो मेंदूत शिरतच नाही. कादंबरीत तुम्ही तो आठवड्यावर आणू शकता. अण्णांना फक्त रविवारी बातम्या वाचून दाखवायच्या, असा नियम शुभाने केला आहे. मग रविवार हा घरात एक प्रसंग होतो, आणि कुठला आकडा शुभा मुद्दाम कमी करून वाचते, हे दिलीपच्या लक्षात येतं.

एक चूक मात्र सगळीकडे दिसते. लेखकाला पुढचं माहीत असतं आणि ते पात्रांच्या तोंडून गळतं. पाचव्या दिवशी कुणी 'हे काही लवकर संपणार नाही' असं शहाणपणाने म्हणालं तर ते बहुधा तुमचं वाक्य आहे, त्याचं नाही. हस्तलिखित पूर्ण झालं की फक्त एवढ्याचसाठी एक फेरी मारा. प्रत्येक भाकितासमोर दिवसाचा आकडा लिहा आणि त्या दिवशी त्या माणसाला काय माहीत असणं शक्य होतं, ते तपासा. उलट चुकीची भाकितं जरूर ठेवा. 'चार दिवसांत उघडतील' असं ठामपणे म्हणणारा दिलीप वाचकाला जास्त आवडेल, आणि मुदत मोडते त्या अकराव्या दिवशी त्याचं ते वाक्य त्याच्यावरच उलटेल.

दार उघडल्यावर

बहुतेक हस्तलिखितं दार उघडण्यापाशी संपतात, उजेड आत येतो वगैरे. मला ते घाईचं वाटतं. पंचवीस दिवसांत नाती जी बदलली ती बंदीच्या नियमांखाली बदलली होती. नियम उठल्यावर त्यातलं काय टिकतं, हे दाखवल्याशिवाय वाचकाला कळतच नाही की नक्की बदललं काय. अठ्ठावीस पानं त्यासाठी राखली होती.

ती लिहिताना वेग पूर्ण उलटा करा. आता जाण्यायेण्याची क्रियापदं परत मिळाली आहेत, ती मोकळेपणी वापरा. छोटी प्रकरणं, वेगवेगळ्या जागा, मधे महिन्यांच्या उड्या. घराच्या आतलं एकही प्रकरण नको, निदान शेवटचं सोडून. पहिल्या निरोपाला मात्र पूर्ण जागा द्या, कारण पुस्तकातला तो पहिलाच निरोप आहे. रेखाताई निघतात. पंचवीस दिवसांपूर्वी घालायला घेतलेली चप्पल तिथेच आहे. शुभा पाकीट पुढे करते, त्यात पंचवीस दिवसांचे पैसे आहेत. दिवसपाळीच्या हिशेबाने की दिवसरात्रीच्या, हे तिने बराच वेळ ठरवलेलं नव्हतं.

रेखाताई पाकीट न उघडता पिशवीत टाकतात आणि विचारतात, "उद्या नेहमीच्या वेळेला येऊ ना?" या वाक्याच्या शेवटी 'ताई' ठेवायचं की नाही, यावर मी दोन आठवडे घालवले. शेवटी ठेवलं.